रोजची डेटा फाइल उशिरा किंवा अर्धवट येते: पुरवठादाराला तक्रारीचा मेल कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वागळे इस्टेट, ऐरोली, महापे भागातल्या बॅक-ऑफिसांमधून हे प्रश्न सतत येतात, म्हणून एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत. ठाण्यातलं एक ऑफिस ग्राहकांच्या शेअर-गुंतवणुकीचे हिशेब ठेवतं. बाहेरचा एक पुरवठादार बाजार संपल्यावर रोज बंद भावांची एक फाइल ऑफिसच्या एसएफटीपी सर्व्हरवर टाकतो. करारात वेळ संध्याकाळी 7 ची आहे. साडेसातला मूल्यांकनाचा जॉब आपोआप सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ग्राहकांना अहवाल जातात. उदाहरणातले आकडे नमुन्यादाखल आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच.

1. फाइल एक दिवस उशिरा आली तर लगेच तक्रारीचा मेल टाकायचा का?

नाही. त्या दिवशी पुरवठादाराच्या हेल्पडेस्कवर टिकेट टाकायचं आणि फोन करायचा, कारण त्या क्षणी तुम्हाला फाइल हवी आहे, खुलासा नको आहे. तक्रारीचा मेल वेगळ्या कामासाठी असतो. तोच प्रकार पुन्हापुन्हा घडतोय हे दाखवून कारण आणि कायमचा उपाय मागण्यासाठी. त्यासाठी साधारण दोन आठवड्यांची, म्हणजे बाजाराच्या दहा दिवसांची नोंद पुरते. महिनाभर थांबलात तर पुरवठादाराकडचे लॉग पुसले गेलेले असतात आणि "आता तपासता येत नाही" असं उत्तर येतं.

रोजची टिकेटं टाकायचा कंटाळा करू नका. तक्रारीच्या मेलमध्ये प्रत्येक तारखेपुढे टिकेट क्रमांक लिहिता आला की "आम्हाला कोणी कळवलंच नाही" हे वाक्य समोरच्याला वापरता येत नाही.

2. उशीर नेमका कधीपासून कधीपर्यंत मोजायचा?

सुरुवात करारातल्या वेळेपासून करायची, तुमचा जॉब सुरू होण्याच्या वेळेपासून नाही. उदाहरणात ती 19:00. पावणेआठला आलेली फाइल "फक्त पंधरा मिनिटं" उशिरा नसते, पंचेचाळीस मिनिटं उशिरा असते. मधली तीस मिनिटं तुम्ही तुमच्या सोयीसाठी राखलेली आहेत, ती पुरवठादाराला बहाल करू नका.

शेवट कुठला धरायचा, इथे बहुतेक मेल चुकतात. फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल दिसली ती वेळ धरू नका. ज्या फाइलवर काम करता येतं अशी पूर्ण, बरोबर फाइल कधी आली ती वेळ धरा. असं मोजलं की "उशिरा" आणि "अर्धवट" या दोन वेगळ्या तक्रारी राहत नाहीत. 18:48 ला अर्धी फाइल आली आणि 21:35 ला पूर्ण आली, तर तो दिवस 2 तास 35 मिनिटं उशिराचा. पुरवठादाराच्या मासिक अहवालात तोच दिवस "वेळेत" म्हणून हिरवा दिसत असेल, कारण त्यांची यंत्रणा फक्त पहिल्यांदा फाइल पाठवल्याची वेळ नोंदवते. दोघांच्या आकड्यांत फरक येतो तो बहुधा याच ठिकाणी. त्यामुळे आपण काय मोजलं ते मेलमध्ये एका वाक्यात सांगून टाका.

3. फाइल आल्याची वेळ कुठून घ्यायची? फाइलवर तारीख-वेळ दिसते तीच चालेल ना?

त्यावर विसंबू नका. पाठवणाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये मूळ वेळ जपण्याची सेटिंग चालू असेल, तर फाइलवर दिसते ती त्यांच्या यंत्रावर फाइल बनल्याची वेळ. तुमच्याकडे ती रात्री 10:20 ला पोचली तरी वेळ 18:40 दाखवते. शिवाय दुरुस्त फाइल त्याच नावाने आली की आधीची वेळ पुसली जाते.

भरवशाची वेळ सर्व्हरच्या लॉगमध्ये असते. ओपनएसएसएचच्या एसएफटीपी सर्व्हरला `-l INFO` ही सेटिंग दिलेली असेल, तर प्रत्येक फाइल उघडल्याची आणि बंद झाल्याची नोंद किती बाइट लिहिले त्यासकट राहते. उबुंटूवर ती अशी काढता येते:

```
grep 'EOD_20250605' /var/log/auth.log | grep close
```

रेड हॅट प्रकारच्या सर्व्हरवर ही नोंद सेटिंगप्रमाणे `/var/log/messages` किंवा `/var/log/secure` मध्ये असते. आपल्याला हवी आहे ती `close` च्या ओळीतली वेळ. हे लॉग ठरावीक दिवसांनी फिरतात आणि जुने पुसले जातात, म्हणून ज्या दिवशी गडबड झाली त्याच दिवशी ती ओळ कॉपी करून बाजूला ठेवा. लॉग ऑफिसातल्या आयटीवाल्यांच्या ताब्यात असतो आणि ते सात वाजता लोकल पकडायला निघालेले असतात, तेव्हा परवानगीची सोय आधीच करून घेतलेली बरी.

4. फाइल अर्धवट आहे हे खात्रीने कसं सांगायचं? काल 2,404 ओळी होत्या, आज 2,398 आहेत, म्हणजे अपुरी का?

तसं नाही. नवीन शेअर सूचिबद्ध होतात, काहींचे व्यवहार स्थगित होतात, काही बाहेर पडतात. चार-सहा ओळींचा फरक रोजचाच असतो. कालच्या फाइलशी तुलना करून केलेली तक्रार पहिल्याच उत्तरात कोसळते.

तुलना फाइलच्या स्वतःच्या दाव्याशी करायची. नीट बांधलेल्या रोजच्या फाइलमध्ये शेवटची ओळ बेरजेची असते, तिच्यात वर किती नोंदी आहेत ते लिहिलेलं असतं. उदाहरणातल्या फाइलमध्ये ती `T|2404` अशी आहे. तपासायला दोन आज्ञा पुरतात:

```
wc -l EOD_20250605.csv
tail -n 1 EOD_20250605.csv
```

`wc -l` शीर्षकाची आणि बेरजेची ओळही मोजतं. म्हणून पूर्ण फाइलला 2,406 उत्तर यायला हवं आणि बेरीज 2404 म्हणणार. दोनचा हा फरक पाहून "दोन नोंदी जास्त आल्या" असा मेल टाकणारे लोक आहेत. आणि ज्या फाइलच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारी खूण नसते, तिथे `wc -l` एक कमी सांगतं. बेरीज काय काय धरून मोजली आहे हे फाइलच्या रचनेच्या कागदात पाहून घ्या.

आता 5 जूनची फाइल. `wc -l` ने 1536 दिले, शेवटी बेरजेची ओळ नव्हती आणि शेवटची ओळ एका शेअरच्या नावात मध्येच तुटलेली होती. म्हणजे शीर्षक वगळून 1,535 पूर्ण नोंदी. फाइलचा आकार 131072 बाइट होता. हा आकडा बोलका आहे, तो 32768 च्या बरोबर चौपट आहे. एसएफटीपीचे बरेच प्रोग्रॅम 32768 बाइटच्या तुकड्यांत लिहितात. आकार अशा तुकड्यांत बरोबर बसला आणि ओळ मध्येच तुटली, तर फाइल बनताना डेटा कमी पडला असण्यापेक्षा पाठवताना जोडणी तुटली असण्याची शक्यता जास्त. उलट ओळी कमी आहेत पण शेवटची ओळ धड आहे आणि बेरीजही त्या कमी ओळींशी जुळते, तर चूक पुरवठादाराच्या आतल्या प्रक्रियेत आहे. एक गठ्ठा मिळाला नाही आणि उरलेल्यावर त्यांनी फाइल बांधली. हा फरक मेलमध्ये लिहिलात तर तो हेल्पडेस्कवर न अडकता योग्य माणसाकडे जातो.

5. ओळींची बेरीज जुळते, तरीही भाव चुकीचे आहेत. ही "अर्धवट फाइल"ची तक्रार होते का?

होते, आणि पकडायला सगळ्यात अवघड प्रकार हाच. 10 जूनची फाइल 18:52 ला आली, 2,404 नोंदी, बेरीज बरोबर. पण 212 शेअरांचा बंद भाव 9 जूनचाच होता.

भाव कालच्याइतकाच असणं हा दोष नाही. ज्या शेअरमध्ये व्यवहारच झाला नाही त्याला कालचा भाव राहतो, आणि एखाद्या शेअरचा भाव योगायोगानेही तोच येतो. म्हणून ज्या नोंदींत आजची उलाढाल शून्याहून जास्त आहे आणि भाव मात्र कालचाच आहे, एवढ्याच वेगळ्या काढा. मागच्या पाच-सात चांगल्या दिवसांत अशा किती असतात ते पाहून ठेवा. रोज दहा-वीस असताना एकदम दोनशे निघाल्या की संशय पक्का.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. एक्स्चेंज स्वतः रोज भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाच्या भावांची फाइल, प्रसिद्ध करतं, तिच्याशी त्या 212 नोंदी ताडून पाहा. ताडताना भावकॉपीतला बंद भावाचा रकाना घ्या, शेवटच्या व्यवहाराच्या भावाचा नको. उदाहरणाच्या काळात एनएसईवर बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची भारित सरासरी होता, त्यामुळे शेवटच्या सौद्याचा भाव वेगळा असणं स्वाभाविक होतं. एक रकाना दुसऱ्याशी जुळवून "सगळेच भाव चुकलेत" असा मेल गेला तर पुढच्या खऱ्या तक्रारीचंही वजन जातं.

6. मेलच्या विषयात काय लिहायचं?

फाइल कुठली, कालावधी कोणता, किती दिवसांपैकी किती दिवस, आणि कधीपर्यंत काय हवं. "तातडीचे", "पुन्हा तीच समस्या", "अत्यंत निराशाजनक सेवा" असे विषय पुरवठादाराकडे रोज डझनाने येतात. नमुना प्रश्न 7 मध्ये आहे.

7. पूर्ण मेलचा नमुना मिळेल का?

हा घ्या. उदाहरणातला मेल सोमवारी, 16 जूनला सकाळी गेला.

> विषय: `EOD` भाव फाइल: 2 ते 13 जून 2025, 10 पैकी 5 दिवस पूर्ण फाइल 19:00 नंतर. कारण व उपाय 20 जूनपर्यंत हवा
>
> नमस्कार,
>
> करारानुसार बंद भावांची पूर्ण फाइल बाजाराच्या प्रत्येक दिवशी 19:00 पर्यंत आमच्या सर्व्हरवर यायला हवी. 2 ते 13 जून या काळातल्या बाजाराच्या 10 दिवसांपैकी 5 दिवस तसं झालं नाही. खालच्या सर्व वेळा भारतीय वेळेनुसार, आमच्या सर्व्हरच्या लॉगमधून घेतलेल्या आहेत. बेरजेची ओळ जुळणारी आणि त्याच दिवसाचे भाव असलेली फाइल आम्ही पूर्ण धरली आहे.
>
> 3 जून: पूर्ण फाइल 20:12 ला.
> 5 जून: 18:48 ला 131072 बाइटची तुटलेली फाइल, 1,535 नोंदी, बेरजेची ओळ नाही. पूर्ण फाइल 21:35 ला.
> 6 जून: पूर्ण फाइल 19:41 ला.
> 10 जून: 18:52 ला 2,404 नोंदी, पण 212 शेअरांचे भाव 9 जूनचे. दुरुस्त फाइल 11 जूनला 10:15 वाजता.
> 12 जून: 18:59 ला 0 बाइटची फाइल. पूर्ण फाइल 22:20 ला.
>
> प्रत्येक दिवसाचे टिकेट क्रमांक, लॉगमधल्या ओळी आणि 10 जूनच्या 212 नोंदींची यादी सोबत जोडली आहे.
>
> परिणाम: 3, 5, 6 आणि 12 जूनला मूल्यांकन हाताने पुन्हा चालवावं लागलं. 10 जूनचा दोष आमच्या तपासणीत रात्री पकडला गेला नाही, त्यामुळे 38 ग्राहकांना 11 जूनला दुरुस्त अहवाल पाठवावे लागले.
>
> आम्हाला शुक्रवार 20 जून, 18:00 पर्यंत पुढील गोष्टी लेखी हव्या आहेत:
> अ) पाचही तारखांचं वेगवेगळं कारण.
> आ) फाइल तात्पुरत्या नावाने चढवून, पूर्ण झाल्यावरच खरं नाव देण्याची व्यवस्था कोणत्या तारखेपासून होईल.
> इ) फाइल वेळेत येणार नसेल तर 18:45 पर्यंत मेल आणि फोनने सूचना देणाऱ्या व्यक्तीचं पद आणि क्रमांक.
>
> मंगळवारी 17 जूनला सकाळी 11 ते 1 या वेळात आमचे तांत्रिक सहकारी बोलायला उपलब्ध आहेत.
>
> आपला,
> (नाव, पद, दूरध्वनी)

हा नमुना मराठीत आहे तो समजायला सोपा म्हणून. पुरवठादाराचं हेल्पडेस्क बंगळुरूत किंवा परदेशात असेल तर मेल इंग्रजीतच जाईल. पण रचना बदलू नका. आधी करार, मग तारखा, मग परिणाम, मग मागणी. परिणाम दोन-तीन वाक्यांत आटपा आणि फक्त खरे घडलेले लिहा. "ग्राहक सोडून जाऊ शकतात" हे घडलेलं नाही, ते लिहू नका.

8. मागण्यांमध्ये तात्पुरत्या नावाचा मुद्दा का आहे? तो तर तांत्रिक तपशील झाला.

कारण त्या एका बदलाने अर्धवट फाइल उचलली जाणं जवळपास थांबतं. आत्ता काय होतं ते पाहा. पुरवठादार `EOD_20250605.csv` याच नावाने फाइल चढवायला लागतो. पहिला बाइट पडल्यापासून ती फोल्डरमध्ये दिसते. तुमचा जॉब नाव बघतो आणि उचलतो, फाइल अजून अर्धी चढलेली असली तरी. जोडणी मध्येच तुटली तर ती अर्धी फाइल तशीच पडून राहते, आणि चढवणं सुरू होताच तुटली तर 12 जूनसारखी 0 बाइटची राहते.

पुरवठादाराने `EOD_20250605.csv.part` या नावाने चढवून शेवटी नाव बदललं, तर एकाच डिस्क-विभागात नाव बदलण्याची क्रिया एका झटक्यात होते. खरं नाव दिसलं म्हणजे चढवणं संपलं. ज्यांना हे जमत नाही ते फाइल पूर्ण झाल्यावर `EOD_20250605.done` अशी छोटी खूण-फाइल टाकतात आणि तुमचा जॉब तिची वाट पाहतो. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण एक मागाच. नुसतं "यापुढे काळजी घ्यावी" असं लिहिलं तर उत्तरात नुसती काळजीच मिळते.

10 जूनच्या प्रकारावर याचा काही उपयोग नाही, कारण ती फाइल नीट चढली होती. तिथे प्रश्न 5 मधली तपासणी तुमच्याही बाजूला बसवावी लागते.

9. मेलला पूर्ण फाइल जोडायची का?

नको. एक तर भावांचा डेटा परवान्यावर घेतलेला असतो आणि मेलच्या साखळीत कोण कोण आहे ते तुम्हाला माहीत नसतं. दुसरं म्हणजे घाईत मूल्यांकनाची फाइल जोडली जाते, जिच्यात ग्राहकांची नावं आणि पॅन असतात. मिळालेली तुटलेली फाइल आपल्याकडे न बदलता ठेवा आणि तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-क्रमांक, मेलमध्ये लिहा:

```
sha256sum EOD_20250605.csv
```

पुरवठादाराकडे जतन केलेल्या फाइलचा हॅश वेगळा निघाला, तर तुम्हाला मिळालेली आणि त्यांनी पाठवली असं वाटणारी फाइल एक नाही हे दोघांनाही मान्य करावं लागतं. प्रकरण पुढे वादात गेलं तरी हा हॅश उपयोगी पडतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हॅशचा रकाना आहे.

10. दुरुस्त फाइल त्याच नावाने जुनीवर चढवतात. मग पुरावाच राहत नाही. काय करायचं?

तुमच्या बाजूला आलेली प्रत्येक फाइल लगेच वेगळ्या फोल्डरमध्ये, नावापुढे वेळ लावून कॉपी होईल असं करा. पुरवठादाराकडे मागा की दुरुस्त फाइल `EOD_20250610_v2.csv` अशा नावाने यावी. हे दोघांच्या फायद्याचं आहे, कारण जुनीवर नवी चढली की तुमचा जॉब "ही तर झाली" म्हणून दुरुस्त फाइल सोडूनही देऊ शकतो.

11. पुरवठादार म्हणतो, "आमच्या लॉगप्रमाणे फाइल 13:28 ला गेली." आमच्याकडे तर सात वाजून गेले होते!

आधी वेळेचा पट्टा विचारा. बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात. 13:28 मध्ये साडेपाच तास मिळवा, 18:58 येतात. तो 12 जूनचाच लॉग असेल तर तुमच्याकडे 18:59 ला 0 बाइटची फाइल आहे, म्हणजे दोघंही खरं बोलताय. त्यांच्या लॉगमध्ये चढवणं सुरू झालेलं आहे, ते पूर्ण झाल्याची ओळ मागा. ती सापडत नाही तेव्हा चर्चा पुढे सरकते.

12. आणि चूक आमच्याच सर्व्हरची असली तर?

मेल टाकायच्या आधी अर्धा तास यावर घालवा, कारण पुरवठादार पहिलं हेच विचारणार. त्या वेळी डिस्क भरलेली होती का, फायरवॉल किंवा इंटरनेटची लाइन बंद होती का, आपला बॅकअप त्याच वेळी चालतो का, पासवर्ड किंवा किल्लीची मुदत संपली होती का. जून-जुलैच्या पावसात एमआयडीसीत वीज किंवा लाइन जाते, तेव्हा त्या संध्याकाळी दुसऱ्या पुरवठादाराची फाइल वेळेत आली होती का ते पाहणं ही सगळ्यात सोपी कसोटी. तीही अडली असेल तर दोष घरचा असण्याची शक्यता मोठी, आणि ती तारीख तक्रारीतून काढून टाका. पाचाच्या चार तारखा झाल्या तरी हरकत नाही. एक खोटी ठरली तर उरलेल्या चारही वादात पडतात.

फाइल तुम्ही स्वतः पुरवठादाराच्या सर्व्हरवरून ओढत असाल तर हिशेब बदलतो. मग "फाइल कधी आली" यापेक्षा "तिथे कधी उपलब्ध झाली" हे महत्त्वाचं. दर पाच मिनिटांनी तिथली यादी नोंदवून ठेवा, नाहीतर तुमच्या ओढण्याच्या वेळापत्रकालाच ते उशीर म्हणतील.

13. "एक्स्चेंजकडूनच उशीर झाला" असं उत्तर आलं तर मान्य करायचं का?

कधीकधी ते खरं असतं. पण पडताळता येतं. एक्स्चेंजची भावकॉपी त्या दिवशी किती वाजता उपलब्ध होती ते रोज नोंदवायची सवय ठेवा. ती नेहमीच्या वेळी आली आणि पुरवठादाराची फाइल दोन तासांनी, तर कारण पटण्यासारखं नाही. रचना बदलल्याचं कारणही ऐकू येतं. एनएसईने जुलै 2024 मध्ये जुनी भावकॉपी बंद करून नवी रचना आणली, तेव्हा अनेकांच्या फाइली अडल्या. पण असे बदल परिपत्रकाने आधी जाहीर होतात, आणि त्यासाठी तयार राहणं हेच तर पुरवठादाराचं काम. खऱ्या बाहेरच्या अडचणीसाठी करारात सूट असेल तर ती मान्य करा, पण सूचना का दिली नाही हे विचारा. सूचना न देण्याला एक्स्चेंज जबाबदार नसतं.

14. सुट्टी आणि खास दिवसांचं काय?

बाजाराच्या सुट्टीला फाइल न येणं हा उशीर नाही, आणि बँकेच्या सुट्ट्यांची यादी वेगळी असते, ती वापरू नका. जास्त गडबड उलट दिशेने होते. शनिवार, 1 फेब्रुवारी 2025 ला अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता. ज्यांचं वेळापत्रक सोमवार ते शुक्रवारवर बांधलेलं असतं त्यांच्याकडून अशा दिवशी फाइलच येत नाही. दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांना नेहमीपेक्षा वेगळी वेळ असते, तिथे सातची अट लागू आहे का ते करारात बघा. नसेल तर आधीच मेलने ठरवून घ्या. त्या दिवशी भांडून काही हाती लागत नाही.

15. आमच्या करारात वेळच लिहिलेली नाही. मग तक्रार कशाच्या जोरावर करायची?

पुरवठादाराच्या प्रस्तावात, माहितीपत्रकात, सुरुवातीच्या मेलमध्ये वेळ सापडते का बघा. तीही नसेल तर सहा महिन्यांच्या लॉगमधून नेहमीची वेळ काढा. "जानेवारी ते एप्रिल फाइल बहुतेक दिवस 18:35 ते 18:55 मध्ये येत होती" हे वाक्य दंड मागायला पुरत नाही, पण कारण मागायला पुरतं. अशा मेलमध्ये भरपाईचा विषय काढू नका. शेवटची मागणी एकच ठेवा, ती म्हणजे पुढच्या नूतनीकरणात वेळ, "पूर्ण फाइल"ची व्याख्या (प्रश्न 2 मधली) आणि सूचना देण्याची वेळ लेखी यावी.

16. मेल कोणाला पाठवायचा, आणि सीसीमध्ये कोण?

मुख्य पत्ता तुमच्या खात्याच्या सर्व्हिस मॅनेजरचा. सीसीमध्ये हेल्पडेस्क, म्हणजे टिकेट आपोआप बनतं, आणि तुमच्याकडचा करार सांभाळणारा माणूस. पहिल्याच मेलला त्यांच्या सीईओला सीसी केलं तर पुढे चढायला पायरी उरत नाही.

17. बिल अडवून ठेवू का?

घाई नको, विशेषतः पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर. एमएसएमईडी कायदा, 2006 प्रमाणे अशा पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि कराराने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मात्र सेवा मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर मुदत हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. म्हणून तोंडी कुरकुर करून बिल दाबून ठेवण्यापेक्षा तारखांसह मेल पंधरा दिवसांत जाणं महत्त्वाचं. रोज मिळणाऱ्या सेवेत हे 15 दिवस कुठून धरायचे ते मात्र सीए किंवा वकिलाला विचारून ठरवा.

करारात उशिरासाठी सवलत असेल तर ती क्रेडिट नोट म्हणून मागा, बिलातून परस्पर कापू नका. तसं केलं की जीएसटीचा मेळ बसत नाही आणि लेखा विभाग तुमच्या मागे लागतो.

18. मुदत संपली आणि उत्तर आलं नाही, किंवा "आम्ही लक्ष घालत आहोत" एवढंच आलं. पुढे?

20 जूनला सहा वाजून गेल्यावर त्याच साखळीत उत्तर द्या, नवी साखळी सुरू करू नका. मूळ मेल खाली तसाच राहू द्या, वर फक्त एवढं लिहा: मुदत संपली, अ, आ, इ पैकी काय मिळालं आणि काय नाही, 16 ते 20 जूनमध्ये कोणत्या दिवशी पुन्हा उशीर झाला, आणि आता हा विषय करारातल्या पुढच्या पायरीवर, म्हणजे त्यांच्या खातेप्रमुखांकडे नेत आहोत. खातेप्रमुखांना याच मेलमध्ये मुख्य पत्त्यावर घ्या. नवी मुदत तीन कामाच्या दिवसांची ठेवा, बुधवार 25 जून.

कारणं आली पण सगळ्या तारखांना एकच कारण चिकटवलेलं असेल, तर ते परत पाठवा. 5 आणि 12 जूनला चढवणं मध्येच तुटलं, 10 ला जुने भाव भरले गेले, 3 आणि 6 ला फाइलच उशिरा निघाली. "नेटवर्कमधील तात्पुरता अडथळा" यातल्या फार तर दोन तारखांचं उत्तर होऊ शकतं.